रीच, सेव्ह की लिंक क्लिक: पुढचं कॅप्शन कशावरून ठरवायचं?

दाजींचं जिंतूर भागात कृषी सेवा केंद्र आहे आणि त्यांच्या इन्स्टाग्राम पेजवरची कॅप्शन मी लिहितो. फोटो, रील सगळं त्यांचा मुलगा बघतो. माझ्याकडे फक्त मजकूर. त्यामुळे पोस्ट चालली की नाही, यापेक्षा मजकूर चालला की नाही हे मला जास्त कळायला हवं असतं. पुढच्या आठवड्यात काय लिहायचं हे त्यावरच ठरतं. इनसाइट्स उघडल्यावर तीन आकडे खुणावतात: रीच, सेव्ह आणि लिंक क्लिक. तिन्ही मी आळीपाळीने धरून पाहिलेत. माझा कल एकाकडे झुकलाय, पण तुमचा धंदा वेगळा असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकतं.

रीचपासून सुरू करतो, कारण दुकानात सगळ्यांना तोच आकडा ऐकायला आवडतो. जूनच्या सुरुवातीला पहिल्या पावसाचं एक रील टाकलं होतं. काळंभोर आभाळ, दुकानासमोर भिजलेल्या खताच्या ताडपत्र्या, खाली माझं कॅप्शन की सोयाबीनचं बियाणं आलंय, कोणकोणते वाण आहेत वगैरे. रीच साधारण 22 हजार गेला. दाजी खूश. पण त्यात माझ्या कॅप्शनचा वाटा किती? रील पाहताना कॅप्शनची जेमतेम एखादी ओळ दिसते, बाकीचं ‘आणखी’वर बोट लावलं तरच उघडतं. रीच वाढतो तो रील किती वेळ पाहिलं गेलं आणि किती जणांनी ते पुढे पाठवलं यावर. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही पाहण्याचा वेळ, लाइक आणि पुढे पाठवणं हेच मोठे घटक म्हणून सांगितले आहेत. म्हणजे तो 22 हजारांचा आकडा पावसाचा होता, आभाळाचा होता. त्यावरून पुढचं कॅप्शन ठरवायचं तर ‘पावसावर अजून लिहा’ एवढंच हाती येतं, आणि पाऊस काही आपल्या हातात नाही.

तरीही रीच अगदी टाकाऊ नाही. पेज नवं असेल, गावाबाहेर कुणी ओळखत नसेल, तर आधी लोकांसमोर जाणं महत्त्वाचं. तेव्हा रीचमध्ये फॉलोअर किती आणि बाहेरचे किती ही फोड बघा, एकूण आकड्यापेक्षा ती जास्त बोलते. आणि पोस्टला पैसे लावून बूस्ट केलं असेल तर त्या पोस्टचा रीच इतर पोस्टच्या शेजारी ठेवू नका. तो विकत घेतलेला असतो.

आता लिंक क्लिक. कागदावर हाच सगळ्यात खरा आकडा. माणूस नुसता बघून गेला नाही, त्याने पुढचं पाऊल टाकलं. मीही बराच काळ यालाच धरून होतो. माझं मन त्यावरून उडालं ते एका कटकटीमुळे, आणि ती कटकट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही. म्हणून आपण सगळे ‘लिंक बायोमध्ये आहे’ असं लिहितो. बायो एकच, कॅप्शन अनेक. जूनमध्ये मी घरच्या बियाण्याची उगवण कशी तपासायची यावर लिहिलं आणि बायोत त्याच्या सविस्तर माहितीची लिंक ठेवली. जुलैत तणनाशकावर लिहिलं, लिंक बदलली. ऑगस्टमध्ये कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवर लिहिलं, पुन्हा बदलली. पण जूनची पोस्ट लोकांच्या हातात फिरतच होती. ती वाचून बायोत आलेल्याला कामगंध सापळ्याची लिंक दिसायची. काही जण ती दाबायचेही, आणि ते क्लिक मी बोंडअळीच्या खात्यावर जमा धरायचो. बायोत आता पाच लिंका ठेवता येतात हे खरं. पण प्रोफाइलवर वरवर पाहणाऱ्याला पहिलीच दिसते, बाकीच्या ‘आणि इतर’मध्ये दडतात. प्रत्येक लिंकच्या शेपटीला खूण जोडली तर कोणती लिंक किती वेळा उघडली ते कळतं. कोणतं कॅप्शन वाचून उघडली, हे मात्र त्यातूनही कळत नाही. मला तर नेमकं तेच हवं असतं.

त्यात आपल्याकडच्या गिऱ्हाइकाची रीत निराळी. शेतकरी लिंक दाबत बसत नाही, फोन लावतो. नाहीतर स्क्रीनशॉट काढून मोटारसायकलवर दुकानात येतो आणि मोबाइल काउंटरवर ठेवून विचारतो, “हे आहे का?” एका पोस्टला चार क्लिक, दुसरीला सात, असल्या आकड्यांवर मी दाजींपुढे काहीतरी सिद्ध करायला जायचो. ते म्हणाले, “क्लिक नका दाखवू हो, गिऱ्हाईक दाखवा.” चार आणि सातमधला फरक पुढच्या आठवड्यात उलटा होऊ शकतो, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

मात्र तुमची विक्रीच लिंकवर होत असेल तर माझं ऐकू नका. केशर आंब्याच्या पेट्यांचं बुकिंग फॉर्मवर घेणारे असोत की लातूरकडचे क्लासवाले असोत, ज्यांचा प्रवेश फॉर्म भरूनच होतो, त्यांच्यासाठी क्लिक हाच आकडा. हंगामभर लिंक एकच राहते आणि माणसं ती दाबण्यासाठीच आलेली असतात. स्टोरीतला लिंक स्टिकर वापरत असाल तर तिथेही हिशोब बराच साफ असतो, कारण स्टिकर त्या स्टोरीचाच असतो.

राहिला सेव्ह. उगवण तपासण्याच्या त्या पोस्टचंच घ्या. तीन फोटो होते, फोटोंवर एक अक्षरही नाही. सगळं कॅप्शनमध्ये: ओल्या पोत्यावर सोयाबीनचे 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, पोतं गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा, सहा-सात दिवसांनी उघडून चांगले उगवलेले दाणे मोजा. 70 किंवा जास्त निघाले तर हेक्टरी 75 किलो ही नेहमीची मात्रा चालेल, कमी निघाले तर त्या मानाने बियाणं वाढवा. रीच मोठ्या मुश्किलीने तीन हजार. सेव्ह दीडशेच्या आसपास. पावसाच्या रीलला 22 हजारांत सेव्ह होते वीसेक. हजार माणसांमागे काढलं तर इकडे 50 आणि तिकडे एकही धड नाही.

फोटोवर मजकूर नव्हता हे मुद्दाम सांगतोय. फोटोवरच सगळी माहिती छापली असती तर लोकांनी फोटो सेव्ह केला की कॅप्शन, हे सांगता आलं नसतं. कॅप्शनची परीक्षा घ्यायची असेल तर माप, प्रमाण, क्रम हे फक्त कॅप्शनमध्ये ठेवायचं. मग सेव्ह झालं ते बहुतेक त्यासाठीच.

यावरून पुढचं ठरवणं सोपं गेलं. लोक पोत्यावर दाणे मांडणार म्हणजे ते पेरणीच्या आधीच्या टप्प्यावर आहेत, आणि त्यांना पुन्हा उघडून बघता येईल असं काहीतरी हवंय. म्हणून पुढचं कॅप्शन बीजप्रक्रियेवर लिहिलं: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत, आणि हा क्रम का उलटवायचा नाही. तेही चांगलं सेव्ह झालं. त्याच सुमारास ‘बीजप्रक्रिया का महत्त्वाची’ असं एक बिनमापाचं कॅप्शन गेलं होतं. त्याला लाइक भरपूर, सेव्ह नावाला. विषय एकच, वेळही तीच. फरक एवढाच की एकात करायचं काय ते होतं आणि दुसऱ्यात नव्हतं. हे रीचने मला कधीच सांगितलं नसतं.

सेव्हचे दोष आहेतच. स्क्रीनशॉट त्यात धरला जात नाही आणि आपल्याकडे स्क्रीनशॉटवाले पुष्कळ. सेव्ह करणारा कोण ते दिसत नाही, शेजारच्या तालुक्यातला दुकानदारही असू शकतो. आणि सेव्ह सावकाश वाढतो. काल टाकलेल्या पोस्टचे सेव्ह महिन्यापूर्वीच्या पोस्टशी ताडून बघाल तर जुनी पोस्ट नेहमीच भारी दिसेल. म्हणून मी प्रत्येक पोस्टचा आकडा सातव्या दिवशी शीटमध्ये उतरवतो आणि नंतर त्याला हात लावत नाही. D मध्ये रीच, E मध्ये सेव्ह, आणि पुढच्या रकान्यात एवढंच:

```
=ROUND(E2/D2*1000,1)
```

तुलना करताना सरासरी घेत नाही. एखादं रील उसळलं की सरासरी बिघडते. मागच्या दहा पोस्टचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला कोणता ते बघतो. नवी पोस्ट त्याच्या दुपटीच्या वर गेली तरच तो विषय पुढे नेतो. दुपटीचं माप मी माझ्यापुरतं ठरवलंय, त्याला शास्त्राचा आधार वगैरे नाही. शिवाय रील रीलशी आणि फोटो फोटोंशी ताडायचे. रीलचा रीच बाहेरच्या लोकांत जास्त जातो, त्यामुळे हजारी सेव्ह आपोआप पडतो, आणि कॅप्शनला उगाच दोष लागतो. वरच्या पावसाच्या रीलचंही थोडंफार तसंच आहे. फरक इतका मोठा नसता तर ती जोडी मी इथे दिलीच नसती.

गिऱ्हाईक मोजायची दाजींची मागणी मात्र सेव्हनेही भागत नाही. त्यासाठी हल्ली प्रत्येक कॅप्शनच्या शेवटी एक शब्द देतो. ऑगस्टच्या बोंडअळीच्या कॅप्शनमध्ये हेक्टरी 5 कामगंध सापळे, आणि सलग 3 रात्री दर सापळ्यात 8 पतंग आले की फवारणीचं बघा, असं लिहून खाली टाकलं: दुकानाच्या व्हॉट्सॲपवर ‘सापळा’ एवढंच पाठवा. लिंक नाही, बायो नाही. कुणाचा ‘सापळा’ आला की तो कोणत्या कॅप्शनवरून आला हे दुकानातल्या पोरालाही कळतं. दोन महिन्यांनी जुन्या कॅप्शनचा शब्द आला तरी घोळ होत नाही.

विषय निवडायला सेव्ह आणि दाजींना दाखवायला तो शब्द, असं सध्या चाललंय. लिंक क्लिकचा रकाना शीटमध्ये अजून आहे, पण तो मी भरत नाही. रीच मात्र भरतो, कारण त्याने भागल्याशिवाय सेव्हचा आकडा निघत नाही.