परिशिष्टात काय जोडायचं आणि काय हाताशी ठेवायचं: हळद पावडर युनिटच्या अहवालावरून

सांगलीच्या मार्केट यार्डातून राजापुरी हळद घ्यायची, मिरज तालुक्यात भाड्याच्या शेडमध्ये दळायची आणि पावडर घाऊक किराणा दुकानदारांना द्यायची, असा प्रकल्प धरू. त्याचा बँकेला द्यायचा अहवाल वीस-पंचवीस पानांत होतो. अडतं ते मागे जोडायच्या कागदांपाशी. काही जण असेल नसेल ते सगळं जोडून शंभर पानांची फाइल करतात, तर काही जण दोन कोटेशनं लावून मोकळे होतात. दोन्हीकडे छाननी करणाऱ्याला हवा तो कागद वेळेवर सापडत नाही.

कागद हातात घेतल्यावर एक प्रश्न विचारायचा: अहवालातला कुठला आकडा किंवा कुठलं विधान या कागदावर उभं आहे? उत्तर मिळालं तर तो परिशिष्टात जातो आणि त्या आकड्याशेजारी ‘परिशिष्ट ३ पाहा’ असं लिहायचं. उत्तर मिळालं नाही, पण कुणी मागेल असं वाटत असेल, तर तो वेगळ्या फाइलीत हाताशी ठेवायचा.

पुढच्या उदाहरणात पल्वरायझर ताशी १०० किलो दळतो असं धरलं आहे. रोज आठ तास आणि महिन्याला पंचवीस दिवस चालवला तर २०० क्विंटल होतात. पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के, म्हणजे महिन्याला १२० क्विंटल विक्री अहवालात दाखवली आहे.

कोटेशन: एक जोडायचं की तीन?

बँकेने किंवा योजनेने तीन मागितली असतील तर तिन्ही जोडायची, तिथे पर्याय नाही. मागितली नसतील तर निवडलेलं कोटेशन पूर्ण जोडावं आणि बाकीच्यांची तुलना अहवालाच्या मुख्य भागात एका तक्त्यात द्यावी. आमचा कल या दुसऱ्या पद्धतीकडे आहे, कारण नुसती तीन कोटेशनं एकामागे एक लावली की त्यांची तुलना वाचणाऱ्याला करावी लागते, आणि ती तो छापलेल्या किमतीवरून करतो. ती किंमत फसवी असते. हे बघा:

| बाब | कोटेशन अ | कोटेशन ब |
|---|---|---|
| छापलेली किंमत | ६,१०,००० | ७,२०,००० |
| मोटर व स्टार्टर | वेगळे, ७५,००० | किमतीत धरलेले |
| वाहतूक व बसवणी | वेगळी, ४५,००० | किमतीत धरलेली |
| जीएसटीआधीची बेरीज | ७,३०,००० | ७,२०,००० |
| जीएसटी १८ टक्के | १,३१,४०० | १,२९,६०० |
| एकूण | ८,६१,४०० | ८,४९,६०० |

वरच्या ओळीत ‘अ’ एक लाख दहा हजारांनी स्वस्त दिसतो आणि तळाच्या ओळीत ११,८०० रुपयांनी महाग निघतो. पल्वरायझरच्या कोटेशनमध्ये ‘मोटर वगळून’ ही ओळ बहुधा अटींच्या बारीक अक्षरांत असते. ती सुटली तर प्रकल्प खर्च कमी मंजूर होतो आणि मोटरचे पैसे खिशातून घालावे लागतात. अनुदानाची योजना असेल तर आणखी फटका बसतो. अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई योजनेत अनुदान पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख, असं धरलं आहे. म्हणजे खर्चात न धरलेल्या मोटरचं अनुदानही मिळत नाही.

जीएसटी नेहमी वेगळ्या ओळीत दाखवावा. तुम्ही जीएसटी नोंदणी केलेली असेल तर मशीनवर भरलेला कर पुढे विक्रीवरच्या करातून वजा होऊ शकतो, म्हणून काही बँका तो प्रकल्प खर्चात धरत नाहीत. एकत्र लिहिलेल्या रकमेतून तो बाजूला काढताना चुका होतात.

कोटेशनवर तारीख, मुदत, पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, मशीनची ताशी क्षमता आणि प्रत्येक मोटरची एचपी असायलाच हवी. एचपीचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. पल्वरायझर १५, खडे काढणारा डिस्टोनर २, चाळणी १ आणि पॅकिंग व इतर २ अशी बेरीज केली तर २० एचपी, म्हणजे जवळपास १५ किलोवॅट होतात. महावितरणकडे केलेला अर्ज मात्र १० किलोवॅटचा असेल, तर दोन परिशिष्टं एकमेकांना खोटं पाडतात. मुरलेला अधिकारी हे दोन कागद शेजारी ठेवूनच बघतो.

तिन्ही कोटेशनांची मांडणी, अक्षरवळण आणि अगदी शुद्धलेखनाच्या चुकाही सारख्या असतील तर ती एकाच टेबलावर तयार झाली हे लगेच कळतं. त्यापेक्षा एकच खरं कोटेशन द्यावं. प्रोफॉर्मा इन्व्हॉइसची गरज नंतर पडते. बँक मशीनचे पैसे सहसा थेट पुरवठादाराच्या खात्यात भरते, तेव्हा त्याचा खाते क्रमांक असलेला तो कागद लागतो. मंजुरीच्या टप्प्यावर कोटेशन पुरतं. मशीनची रंगीत माहितीपत्रकं जोडू नयेत.

बायोडाटा: कुणाचा आणि किती?

अहवालात ज्याच्या कामावर उत्पादन किंवा विक्री अवलंबून आहे असं लिहिलं आहे, त्याचाच जोडावा. या प्रकल्पात असे दोघे आहेत: मालक, आणि दळण-चाळणीचा अनुभव असलेला कारागीर. प्रत्येकी एक पान पुरे. मुख्य भागात मालकाबद्दल चार-पाच ओळी याव्यात आणि त्यांचा पुरावा, जसं अनुभवाचा दाखला किंवा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बायोडाटामागे लागावा. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, सत्काराची प्रमाणपत्रं आणि सनदी लेखापालाचा परिचय यांवर अहवालातला कुठलाच आकडा उभा नसतो.

कारागिराचा बायोडाटा त्याला विचारून आणि त्याची सही घेऊन लावावा. तो दुसरीकडे नोकरीत असताना त्याचं नाव छापलं आणि बँकेने फोन केला, तर अडचण त्याची होते.

परवाने: मिळालेला, अर्ज केलेला आणि अजून न केलेला

नवीन युनिटचे सगळे परवाने अहवालाच्या वेळी हातात असूच शकत नाहीत, आणि बँकेलाही ते माहीत असतं. म्हणून तीन गट करावेत. मिळालेल्यांची प्रत जोडायची. अर्ज केलेल्यांची पोच जोडायची, अर्ज क्रमांक दिसेल अशी. न केलेल्यांची यादी मुख्य भागात द्यायची आणि कोणत्या टप्प्यावर अर्ज करणार ते लिहायचं. तिसऱ्या गटाबद्दल गप्प राहण्यापेक्षा तो मोकळेपणी लिहिलेला बरा.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यामुळे ती पहिल्या गटात असावी. भाडेकरारही पहिल्या गटात हवा. तो नोंदणीकृत असावा आणि त्याची मुदत कर्जफेडीच्या मुदतीपेक्षा कमी नसावी. सात वर्षांच्या कर्जाला अकरा महिन्यांचा करार जोडला तर बाकीचे कागद कितीही चांगले असले तरी पहिला प्रश्न त्यावरच येतो. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळाला असेल तर जोडावा. अन्न परवाना आणि वीजजोडणी बहुधा दुसऱ्या गटात येतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागत असेल तर तिचे दोन टप्पे असतात, उभारणीची आणि चालवण्याची. चालवण्याची संमती मशीन बसल्यावरच मिळते, म्हणून ती तिसऱ्या गटात.

कृष्णेच्या काठाजवळ शेड असेल तर आणखी एक कागद उपयोगी पडतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर इथे सगळ्यांच्या लक्षात आहेत आणि हळद भिजली की माल गेला. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवतात, त्यांत २००५ मध्ये पुराचं पाणी शिरून काय झालं ते सांगायला नको. जागा पूररेषेच्या आत आहे की बाहेर हे दाखवणारा नकाशा किंवा पत्र मिळालं तर परिशिष्टात घ्यावं. आत असेल तर माल कुठे आणि किती उंचीवर ठेवणार, विमा कसला घेणार हे मुख्य भागात लिहावं.

या गटात सर्वांत जास्त घोटाळा पत्त्याचा होतो. सातबाऱ्यावर गट नंबर, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर मिळकत क्रमांक, उद्यमवर घरचा पत्ता आणि कोटेशनवर नुसतं ‘सांगली’. कागद चारही खरे असतात, पण जागा एकच आहे हे त्यांतून सिद्ध होत नाही. परिशिष्टाच्या पहिल्या पानावर ‘गट नंबर अमुक म्हणजेच मिळकत क्रमांक तमुक’ अशी एक ओळ घालावी आणि उद्यमवर कारखान्याचा पत्ता जोडून घ्यावा.

इरादापत्र: आकडा असलेलं आणि नुसतं शुभेच्छांचं

खरेदीच्या इरादापत्राने खरेदीदार बांधला जात नाही. तरीही ते कामाचं असतं, कारण विक्रीच्या अंदाजामागे ठोस असं तेवढंच असतं. ‘आपल्या उद्योगास आमचा पूर्ण पाठिंबा राहील’ अशी आठ पत्रं आणि ‘दर्जा पसंत पडल्यास महिन्याला १५ क्विंटल घेऊ’ असं एक पत्र यांत दुसरं ठेवावं. पहिली आठ काढून टाकावीत. आमदारांचं किंवा सरपंचांचं शिफारसपत्रही त्याच आठांत मोडतं.

चांगल्या पत्रात लेटरहेड, जीएसटी क्रमांक, मालाचा प्रकार व पॅकिंग, महिन्याचं प्रमाण, दर कसा ठरणार, उधारीचे दिवस, तारीख आणि सही असते. दर बांधून मागू नये. हळदीचा भाव हंगामात हलतो, त्यामुळे वर्षभराचा ठरलेला दर असलेलं पत्र उलट संशय आणतं. ‘त्या दिवशीच्या बाजारभावानुसार’ हे पुरेसं आहे. उधारीचे दिवस मात्र विसरू नयेत. पत्रात ४५ दिवस आणि खेळत्या भांडवलाच्या हिशेबात ३० दिवस असतील तर तो हिशेब पुन्हा करावा लागतो.

आता बेरीज. तीन दुकानदारांची पत्रं १५, १० आणि ८ क्विंटलची आहेत, म्हणजे महिन्याला ३३ क्विंटल. अहवालातल्या १२० पैकी हे साडेसत्तावीस टक्के झाले. उरलेले ८७ क्विंटल कुठे जाणार ते मुख्य भागात लिहावं लागेल, किंवा पहिल्या वर्षाचा अंदाज खाली आणावा लागेल. खाली आणणं अवघड वाटतं, पण हप्ता त्याच विक्रीतून भरायचा आहे. उलटही होतं. पत्रांची बेरीज २५० क्विंटल आणि मशीनची क्षमता २००, तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं की पत्रं मागून आणलेली आहेत. पत्रावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. तो रद्द झालेला निघाला तर बाकीच्या पत्रांवरचाही विश्वास जातो, म्हणून जोडण्याआधी आपणच बघून घ्यावा.

वेगळ्या फाइलीत

आधार, पॅन, आयकर विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे लागतातच, पण ते कर्जाच्या अर्जासोबत जातात. अहवालाच्या प्रती सल्लागार, जिल्हा पातळीवरची समिती, मशीनवाला अशा अनेकांच्या हातात फिरतात, म्हणून त्यात हे कागद नकोत. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी.

अहवाल देण्याच्या आदल्या दिवशी फक्त तारखा बघाव्यात. कोटेशनची मुदत बहुधा ३० दिवसांची असते आणि मंजुरीला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून पुरवठादाराकडून सुरुवातीलाच ९० दिवसांची मुदत लिहून घ्यावी. सातबारा नवीन, डिजिटल सहीचा काढावा. इरादापत्र सहा महिन्यांपेक्षा जुनं असेल तर त्याच दुकानदाराकडून नवीन तारखेचं आणावं. तो द्यायला तयार नसेल तर त्याचे क्विंटल विक्रीच्या तक्त्यातूनही वजा करावेत.