तापमान नियंत्रण नसलेलं एसपीआर यंत्र: वडोदऱ्यात उन्हाळा काढल्यावर

एसपीआर, म्हणजे सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स, हे सोन्याच्या पातळ थरावर प्रथिन चिकटलं की ते परावर्तित प्रकाशावरून ओळखतं. प्रिझमवर ५० नॅनोमीटर सोनं, ६३३ नॅनोमीटरचा लाल लेसर, पाणी सोडलं की ७३ अंशांच्या आसपास डिप, म्हणजे परावर्तित प्रकाशातली खोल घट. या स्वस्त यंत्रात एवढं सगळं चोख मिळतं. तक्रार एकच आहे, ती म्हणजे द्रव सोन्यावरून नेणाऱ्या फ्लो सेलला तापमान नियंत्रण नाही.

मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर जसा चालू-बंद होतो, तशा बेसलाइनवर, म्हणजे काही चिकटत नसतानाच्या सपाट रेघेवर, लाटा उठतात. सर्व्हिसवाल्याने लेसर बदलायचा खर्च सांगितला. तो मान्य करू नका. हे यंत्र कोन फिरवत डिपचा तळ शोधतं. लेसर मंदावला तर अख्खी रेघ खाली बसते, तळाचा कोन जागेवरच राहतो. इथे तळच सरकतो, म्हणजे सोन्यालगतच्या द्रवाचा अपवर्तनांक बदलतो आहे. पंचवीस अंशांच्या आसपास पाणी एक अंश सेल्सियसने तापलं की त्याचा अपवर्तनांक सुमारे ०.०००१ ने उतरतो आणि डिप साधारण ०.०१६ अंश मागे येते. एका चौरस मिलिमीटरवर १०० पिकोग्रॅमच्या आसपास प्रथिन चिकटलं तरी सरक याच मापाची असते. मोजायचं तेवढंच असेल, तर एसीच ते खाऊन टाकतो.

सुरुवातीला वाटलं होतं की बेसलाइन वजा केली की भागेल. पण खरा घोळ फ्रिजमधल्या नमुन्याचा आहे. गार द्रवाचा अपवर्तनांक जास्त, म्हणून डिप मोठ्या कोनाकडे जाते. प्रथिन चिकटल्यावरही तिकडेच जाते. मग खोलीच्या तापमानाचा बफर, म्हणजे प्रथिनाशिवायचं द्रावण, सोडला की डिप हळूहळू परतते आणि प्रथिन सुटून चालल्याचा भास होतो. फसवा आलेख अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखा देखणा दिसतो! खात्री करायची तर त्याच फ्रिजमधला नुसता बफर सोडा. तोच डोंगर उठला, तर प्रथिनाचा काही संबंध नाही.

कंपनीचा तापमान संच फार महाग आहे. त्याऐवजी नमुना आणि बफर दोन्ही एकाच वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवावेत, सेलआधीच्या नळीची दोन-तीन वेटोळी त्याच पाण्यात बुडवावीत आणि सेलवर थर्माकोलचं झाकण घालावं. बाथ खोलीपेक्षा फार गरम नको, नाहीतर वाटेत द्रव पुन्हा निवतो. बफर आधी डीगॅस करा, कारण गार बफर तापताना त्यातली हवा सुटते. बुडबुडा सोन्यावर बसला तर त्या जागेची डिप ४४ अंशांच्या आसपास, म्हणजे स्कॅनच्या बाहेर जाते. नेहमीच्या कोनात डिप उथळ झाली किंवा गायब झाली, तर सोनं खरवडलं गेलं असं समजून नवी चिप काढू नका. आधी बफर जोरात सोडून बुडबुडा घालवा.

दुसरा चॅनेल असेल तर त्यावर प्रथिन न लावता फक्त बफर आणि नमुना जाऊ द्या. दोन्हींतली वजाबाकी एसीच्या लाटा बऱ्याच प्रमाणात काढते. पण दोन्ही चॅनेल एकाच धातूच्या ठोकळ्यात असायला हवेत. वेगवेगळ्या सेलमध्ये ते वेगवेगळ्या वेगाने तापतात आणि वजाबाकीतच नवा उतार तयार होतो.