व्हॅल्युअरचा अहवाल: वर्षभर वापरून झाल्यावर

जून २०२४ मध्ये पंचवटीतलं वडिलोपार्जित घर विकलं. भांडवली नफ्यावरच्या करासाठी त्याची १ एप्रिल २००१ ची किंमत व्हॅल्युअरकडून, म्हणजे मालमत्तेचं मूल्य काढून देणाऱ्याकडून, ठरवून घ्यायची होती. नाशिकमध्ये व्हॅल्युअरची वानवा नाही, पण पाट्या बघून काही कळत नाही.

पहिले गृहस्थ "बँकेच्या पॅनेलवर" होते. घर न बघताच १६ लाख लावून देतो म्हणाले. फी किमतीच्या एक टक्का, म्हणजे १६ हजार. मूल्य जितकं फुगेल तितकी यांची फी फुगणार! नोंदणी क्रमांक मागितला तर पॅनेलचंच पत्र दाखवलं. ते पत्र कर्जापुरतं. कंपनी कायद्याखालच्या कामाला आयबीबीआय या दिवाळखोरी मंडळाची नोंदणी लागते, तीही वेगळी. आयकरात तेव्हा चालायचा तो संपत्तीकर कायद्याच्या कलम ३४एबी खाली नोंदलेला व्हॅल्युअर. संपत्तीकर गेला, तरी ही नोंदणी राहिली होती.

दुसरे व्हॅल्युअर ३४एबी वाले. त्यांनी जुना उतारा मागितला, घर मोजलं, बांधकामाचं वय धरून घसारा काढला आणि किंमत लावली ९ लाख. मी चिडलोच, कारण ही किंमत महागाईने वाढवून विक्रीतून वजा होते; ती जितकी जास्त तितका कर कमी. महागाई निर्देशांक ३६३ धरला तर ९ चे ३२.६७ लाख होतात, १६ चे ५८.०८. फरक २५.४१ लाखांचा, त्यावर २० टक्के म्हणजे पाच लाखांवर कर. एवढं सोडून द्यायचं?

मग सीएने आयकर कायद्याचं कलम ५५ वाचून दाखवलं आणि मत बदललं. जमीन किंवा इमारत असेल तर २००१ ची किंमत त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. २०२० च्या वित्त कायद्याने ही मर्यादा घातली. १६ लाखांचा कागद तिथेच आपटला असता, वर कर, व्याज आणि कदाचित दंड.

दुसऱ्या व्हॅल्युअरच्या अहवालात मला सगळ्यात आवडलं ते शेवटी जोडलेलं पान. ज्यावरून मुद्रांक मूल्य निघतं त्या २००१ च्या रेडीरेकनरचं, आमच्या विभागाच्या दराखाली रेघ मारलेलं. बाकी फोटो-नकाशे कोणीही जोडतो. हे पान ज्यात नाही, त्या अहवालाचे पैसे देऊ नका, मग फी कितीही कमी असो.

फीचंही ऐका. संपत्तीकर नियमावलीतल्या नियम ८सी मध्ये तेव्हा कमाल दर होते: पहिल्या ५ लाखांवर अर्धा टक्का, पुढच्या १० लाखांवर ०.२, त्यापुढच्या ४० लाखांवर ०.१. माझ्या ९ लाखांवर २,५०० आणि ८०० मिळून ३,३०० झाले. त्यांनी तेवढेच घेतले, पावतीसकट. आधी लेखी दर मागा. "मूल्य बघून सांगू" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

तक्रार एकच. फोटो काळे-पांढरे छापले, आणि रंगीत प्रतीचे २०० रुपये वेगळे लावले.