सेमिनारसाठी पहिला मेल कुणाला: प्राध्यापकांना, समन्वयकांना की गाइडकरवी?

इंदूरच्या मराठी घरांत पुण्या-मुंबईला जाणं वर्षातून दोनदा तरी होतंच. पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यातल्या मुलामुलींनी अशा एखाद्या फेरीला तिथल्या विभागातला एक सेमिनार जोडून घ्यावा, असं मी नेहमी सांगते. तिकीट आपलं, मुक्काम मामाकडे, म्हणजे यजमानांना द्यायचा असतो तो एक हॉल, तासभर वेळ आणि चहा. एवढ्यासाठी नाही म्हणणारे कमी. तरीही बरेच मेल अनुत्तरित राहतात, कारण ते चुकीच्या माणसाला गेलेले असतात.

रस्ते तीन आहेत. आपल्या विषयाच्या जवळ काम करणाऱ्या प्राध्यापकांना थेट लिहा, विभागाच्या सेमिनार समन्वयकांना लिहा, किंवा आपल्या गाइडना त्यांच्या ओळखीत लिहायला सांगा. बहुतेक मुलं दुसरा निवडतात, कारण वेबसाइटवर 'सेमिनार' असं पान दिसतं आणि त्याखाली एक नाव असतं. लाजरी मुलं तिसरा निवडतात. माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे.

मी काही वर्षं आमच्या विभागाचं सेमिनारचं वेळापत्रक सांभाळलं आहे, त्यामुळे समन्वयकाच्या टेबलावर काय होतं ते आधी सांगते. सत्र साधारण सोळा आठवड्यांचं. त्यातून परीक्षा, सुट्ट्या आणि सण वजा केले की दहा-बारा तारखा उरतात. निम्म्या विभागातल्या लोकांनी आधीच कुणासाठी तरी मागून ठेवलेल्या असतात. अशात अनोळखी विद्यार्थ्याचा मेल आला की समन्वयकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो श्रोत्यांचा. बाहेरून आलेल्या वक्त्यासमोर चार माणसं बसली तर लाज समन्वयकाची जाते. म्हणून तो मेल विषयाच्या जवळच्या सहकाऱ्याकडे ढकलला जातो: 'तुम्हाला यात रस आहे का?' सहकारी हो म्हणाले तर तारीख मिळते, विसरले तर मेल तिथेच संपतो, आणि समन्वयक आठवण करत बसत नाहीत. म्हणजे दुसरा रस्ता शेवटी पहिल्यावरूनच जातो, मध्ये एक हात जास्त. शिवाय हे काम दर एक-दोन वर्षांनी दुसऱ्याकडे जातं आणि वेबसाइटवरचं नाव बदलायचं राहून जातं.

आता प्रत्यक्ष उदाहरण. आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीचं काम निओडिमियम निकेलेटच्या पातळ फिल्म्सवर आहे. हा पदार्थ सुमारे २०० केल्विनच्या खाली गेला की धातूचा रोधक होतो, आणि फिल्म कुठल्या स्फटिकावर वाढवली त्यानुसार हे तापमान सरकतं. तिचं एक्स-रे शोषणाचं मोजमाप इथल्याच राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर झालेलं. फेब्रुवारीत पुण्याला चुलतभावाचं लग्न. तिने समन्वयकांसाठी जो मसुदा केला त्यात पहिल्या परिच्छेदात स्वतःचं शिक्षण, दुसऱ्यात पेपरांची यादी आणि शेवटी 'आपल्या नामांकित विभागात बोलण्याची संधी मिळाल्यास मी आभारी राहीन' असं होतं. यात खोटं काही नाही. पण हा मेल भारतातल्या कुठल्याही विभागाला पाठवता आला असता, आणि वाचणाऱ्याला ते दुसऱ्या ओळीतच कळतं.

त्याच विभागात अशाच फिल्म्सचा विद्युतरोध मोजणाऱ्या एक प्राध्यापिका होत्या. मग मेल त्यांना लिहिला. तो गेला इंग्रजीत, पण त्याचा ऐवज असा:

> विषय: १० ते १३ फेब्रुवारी पुण्यात आहे, निकेलेट फिल्म्सवर बोलण्याबाबत
>
> आदरणीय मॅडम,
> लँथनम अॅल्युमिनेटवर वाढवलेल्या फिल्ममध्ये धातू-रोधक संक्रमणाचं तापमान खाली येतं, असं तुमच्या पेपरात आहे. आम्ही तशाच फिल्म्स इंडस-२ वर मोजल्या. ऑक्सिजनच्या के-एजवरचं पहिलं शिखर रुंदावलेलं दिसतं, आणि हा परिणाम ताणाचा की ऑक्सिजनच्या कमतरतेचा, हे वेगळं करण्याचा आमचा प्रयत्न आहे.
> मी इंदूरला पीएचडीच्या पाचव्या वर्षात आहे. १० ते १३ फेब्रुवारीदरम्यान घरगुती कामाने पुण्यात असेन. त्यात एखाद्या दिवशी तुमच्या गटासमोर किंवा विभागात ४५ मिनिटं बोलता येईल का? ११ ला दुपारी किंवा १२ ला केव्हाही मला जमेल. प्रवास आणि राहण्याची सोय माझी आहे.
> माझ्या गाइडना या मेलची कल्पना आहे. खाली पाच ओळींचा सारांश दिला आहे, सीव्ही एका पानाचा जोडला आहे.

यात प्राध्यापिकांच्या पेपराचा उल्लेख कौतुक म्हणून आलेला नाही. त्यांच्या मोजमापाला आपलं मोजमाप कुठे जोडलं जातं ते सांगितलं आहे, आणि बोलवायचं कारण त्यातच आहे. तारखा दोन दिल्या आहेत. 'आपल्या सोयीने कधीही' असं लिहिलं की समोरच्याला कॅलेंडर उघडून बसावं लागतं, आणि तिथेच उत्तर उद्यावर जातं. 'गटासमोर किंवा विभागात' ही मुभाही मुद्दाम ठेवली आहे. विभागाच्या तारखा भरलेल्या असतील तरी गटाची बैठक प्राध्यापकांच्या स्वतःच्या हातात असते, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. आणि खर्चाचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर यजमान मनातल्या मनात गेस्ट हाउस आणि प्रवासभत्त्याचे फॉर्म मोजू लागतात.

मेल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेला. साधारण पाच-सहा आठवडे आधी लिहिणं बरं. त्याहून फार आधी लिहिलं तर 'नंतर बघू' होतं. ऑगस्ट-सप्टेंबर आणि जानेवारी ते मार्च हे महिने चांगले, नोव्हेंबरची अखेर सत्रपरीक्षांमुळे वाईट. डिसेंबरात अर्धा विभाग परिषदांना गेलेला असतो.

उत्तरं तीन-चार प्रकारची येतात आणि ती ओळखता आली पाहिजेत. 'समन्वयकांना सीसी करत आहे' असं आलं तर काम झालं. आता तुमच्यामागे आतलं माणूस उभं आहे. 'इंटरेस्टिंग, कळवते' असं तारखेविना आलं तर तो होकारही नाही आणि नकारही नाही. आठवड्याने त्याच धाग्यात दोन ओळी लिहा आणि तारखा परत द्या. 'शुक्रवारी आमच्या ग्रुप मीटिंगला या' असं आलं तर नाक मुरडू नका. विभागाच्या सेमिनारात ४५ मिनिटं बोलणं आणि शेवटी तीन प्रश्न, त्यातला एक हमखास सौजन्याचा. गटाच्या बैठकीत सहा-सात जण असतात, दुसऱ्याच स्लाइडवर अडवतात, आणि तुमची फिल्म खरंच ऑक्सिजनने भरलेली होती का हे तिथेच विचारलं जातं. पोस्टडॉक शोधणाऱ्याला दुसरं जास्त कामाचं. आमच्या मुलीला गटाची बैठकच मिळाली, आणि निघताना प्राध्यापिकांनी मोजण्यासाठी दोन नमुने मागितले.

काहीच उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एक आठवण करा, मग थांबा. त्याच विभागातल्या दुसऱ्या कुणाला लिहायचं ते त्यानंतर. दोघांना एकाच दिवशी वेगवेगळे मेल पाठवण्याचा मोह आवरा. ती माणसं एकाच मजल्यावर बसतात, चहाला भेटतात, आणि तोच मेल दोघांच्या फोनवर निघाला की दोघंही गप्प बसतात.

गाइडकरवी जाण्याचं वजन मी नाकारत नाही. त्यांचा मेल वाचला जातो आणि होकारही लवकर येतो. पण तो होकार गाइडना दिलेला असतो. 'माझी विद्यार्थिनी येतेय, जरा ऐका' म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही, मग तुम्ही हॉलमध्ये उभे राहता आणि समोर बसलेल्यांना आपल्याला इथे का बोलावलंय हेच ठाऊक नसतं. पुढचा पत्रव्यवहारही त्या दोघांतच चालतो, तुमचं नाव सीसीत. जिथे दोन गट आधीपासून मिळून काम करतात तिथे मात्र गाइडनीच लिहावं, तुम्ही परस्पर लिहिणं विचित्र दिसेल. तसंच भाभा केंद्र किंवा आपल्या इथलं राजा रामण्णा केंद्र. तिथे आत जायला आधी परवानगी लागते आणि ती आतल्या माणसाने मागायची असते, तेव्हा ओळखीचा उपयोग गेटवरच सुरू होतो.

रस्ता कुठलाही घ्या, गाइडना आधी सांगितलंच पाहिजे. अप्रकाशित आकडे दाखवायचे तर त्यांची आणि सहलेखकांची संमती हवी. आमच्या उदाहरणात बीमलाइनवरच्या शास्त्रज्ञांनाही विचारावं लागलं, आणि एक आलेख त्यांच्या सांगण्यावरून काढला. पहिल्या मेलमध्ये गाइडना सीसी करू नये असं माझं मत आहे, नुसतं एक वाक्य पुरतं. यावर माझे सहकारी माझ्याशी भांडतात.

समन्वयकांना आधी लिहावं अशा जागाही आहेत. तुमच्या विषयाचं तिथे कुणीच नसेल, पण पद्धत सगळ्यांच्या उपयोगाची असेल, तर थेट समन्वयकच बरे. सारांश मात्र शेजारच्या विषयातल्या माणसाला समजेल असा लिहा. नोकरीच्या शोधात असाल आणि अख्ख्या विभागाने आपल्याला पाहावं असं वाटत असेल, तर समन्वयक किंवा विभागप्रमुख, आणि अर्ज केला आहे किंवा करणार आहे हे सरळ लिहून. सेमिनारच्या आडून नोकरीची चाचपणी केलेली पहिल्या दहा मिनिटांत कळते. राज्य विद्यापीठांच्या बऱ्याच विभागांत दर आठवड्याची मालिकाच नसते, तिथेही विभागप्रमुखच. 'कलोक्वियम' नावाच्या गोष्टीसाठी मात्र विद्यार्थ्याने विचारू नये. टीआयएफआरचा बुधवारचा कलोक्वियम घ्या, तिथे वक्ते बोलावलेले असतात आणि श्रोते सगळ्या विषयांतले.

आणि सीव्हीवर हा सेमिनार 'निमंत्रित व्याख्यान' या शीर्षकाखाली टाकू नका. 'सेमिनार, अमुक विभाग, फेब्रुवारी' एवढं पुरे. निवड समितीत बसलेल्यांपैकी कुणीतरी स्वतः समन्वयक राहिलेलं असतं, आणि पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या यादीत चार निमंत्रणं दिसली की ते पहिला प्रश्न त्यावरच विचारतं.