सर, मॅडम, ताई, दादा की जी? नवीन नोकरीत कुणाला काय म्हणायचं

ओळखीतली एक मुलगी, सोलापूरची, वय चोवीस, पुण्यात एका सरकारी बँकेच्या ब्रांचला जॉईन होतेय. तिने विचारलं की पहिल्या दिवशी कुणाला काय हाक मारायची, कारण घरी सगळे दादा ताई अण्णा, कॉलेजात सगळे सर मॅडम, आणि आता ब्रांचमध्ये मॅनेजर बाई आहेत साधारण पस्तिशीच्या, हेड कॅशियर रिटायरमेंटला आलेले, तिच्याच वयाचा एक ऑफिसर लखनौचा, शिपाई पन्नाशीचे, साफसफाईला एक मावशी, आणि काउंटरच्या पलीकडे दिवसभर कस्टमर. तिला सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय, बँकेचं उदाहरण धरून, म्हणजे पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघता येतील.

आधी सर आणि मॅडम. यांचा मोठा फायदा असा की वय, लग्न, जात, गाव यातलं काही माहीत नसलं तरी चालतं. मराठीत हे नावानंतर लागतात, देशपांडे सर, पाटील मॅडम. सरकारी ऑफिसात आणि सरकारी बँकेत आडनाव जास्त चालतं, खाजगी कंपनीत पहिलं नाव, अमित सर, स्नेहा मॅडम. दोन्ही बरोबर आहे, फक्त त्या जागी कोणतं चालतं ते पहिल्या दिवशी कान देऊन ऐकायचं. तोटा एवढाच की दोन वर्षं शेजारी बसून सुद्धा सर मॅडमच चालू राहिलं तर माणसं जवळ येत नाहीत. पण सुरुवात इथून करावी, कारण मॅडमवरून ताईवर येणं सोपं असतं आणि ताईवरून मॅडमवर जाताना समोरच्याला वाटतं की काहीतरी बिनसलंय.

साहेब हा सरचा थोरला भाऊ. महसूल, पोलीस, जिल्हा परिषद, एसटी इथे अजूनही साहेब जोरात आहे आणि गावाकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. बँकेत जुन्या लोकांना, म्हणजे आपल्या त्या हेड कॅशियरना, कुलकर्णी साहेब म्हटलेलं आवडतं. पण साहेब बाईंना लावता येत नाही आणि माझ्या मते इथेच खरी अडचण सुरू होते.

ती अशी. मॅनेजर पुरुष असला तर सगळी ब्रांच साहेब म्हणते, आणि बदली होऊन त्याच खुर्चीत बाई आल्या की पंधरा दिवसांत कुणीतरी ताई म्हणायला लागतं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, उलट आपुलकीच असते. पण ताई हे नातं आहे आणि साहेब हे पद आहे. ताईकडे हट्ट करता येतो, ताईने रजा नाकारली तर रुसता येतं, साहेबांनी नाकारली तर गप्प बसतात. हॉस्पिटलमध्ये तर हे रोज दिसतं, ॲप्रन घातलेल्या लेडी डॉक्टरला पेशंटचे नातेवाईक सिस्टर म्हणतात आणि शेजारी उभ्या असलेल्या ब्रदरला डॉक्टर म्हणतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, ज्या खुर्चीतल्या पुरुषाला तुम्ही सर किंवा साहेब म्हणाल त्या खुर्चीतल्या बाईला मॅडमच म्हणा, मग त्या तुमच्यापेक्षा वयाने लहान असल्या तरी. त्या स्वतः म्हणाल्या की ताई म्हण, तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही कस्टमरसमोर मॅडम, चहाला बसल्यावर ताई असं ठेवलेलं बरं.

मग ताई दादा वापरायचंच नाही का? तसं नाही. काही ठिकाणी तीच रीत आहे. अंगणवाडी ताई, आशा ताई हे तर जवळजवळ पदाचं नाव झालंय, तिथे मॅडम म्हटलं तर गावातल्या बायकांना परकं वाटतं. सामाजिक संस्थांमध्ये वरपासून खालपर्यंत सगळे ताई दादा असतात आणि तिथे सर म्हणणारा माणूस उलट वेगळा पडतो. मुद्दा इतकाच की तिथे ते सगळ्यांना सारखं लागतं, डायरेक्टरलाही आणि ड्रायव्हरलाही. आपल्या बँकेत तसं नाही, त्यामुळे तिथे ताई दादा बरोबरीच्यांसाठी आणि थोड्या मोठ्यांसाठी ठेवावं, ते पण पहिल्या नावाला जोडून, सुनीताताई, महेशदादा. आडनावाला ताई लावलेलं कानाला बरं लागत नाही. विदर्भात दादाच्या जागी भाऊ येईल, गोव्यात नावामागे बाब लागतं, तिथे गेलात तर तिथलं घ्या.

आता जी. बऱ्याच जणांना वाटतं की जी लावलं की झालं, सगळ्यात सेफ. मला तसं वाटत नाही. लखनौच्या त्या ऑफिसरशी हिंदीत बोलताना अमितजी किंवा शर्माजी एकदम बरोबर, त्याच्या भाषेत तो साधा रोजचा आदर आहे आणि नुसतं नाव घेतलं तर कदाचित त्याला तुटक वाटेल. पण पुण्यातल्या मराठी सहकाऱ्याला रोज सकाळी महेशजी म्हटलं तर ते स्टेजवरून सत्कार केल्यासारखं वाटतं, कारण मराठीत नावामागे जी आपण भाषणात, आमंत्रणपत्रिकेत, सूत्रसंचालनात वापरतो. नागपूरकडे बोलण्यात जी सहज येतं, का जी, हो जी, तिथली गोष्ट वेगळी, पण तिथेही ते वाक्याला लागतं, प्रत्येक वेळी नावाला नाही. आणि सरजी, मॅडमजी असं दुहेरी मराठी बोलताना टाळाच, एक मान पुरतो. थोडक्यात, जी हे हिंदी बोलण्यात, स्टेजवर, आणि ज्यांच्याशी फक्त फोन किंवा मेलवर ओळख आहे अशा दुसऱ्या राज्यातल्या माणसांसाठी.

शिपाई आणि मावशींचं काय, हा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. शाळांमध्ये, सरकारी हॉस्पिटलात मामा आणि मावशी ही पद्धत जुनी आहे आणि त्यात माया आहे हे खरं. पण नीट बघा, मॅनेजरना आडनाव आहे, कॅशियरना आडनाव आहे, आणि या दोघांची नावं अर्ध्या ब्रांचला माहीत नसतात. पन्नाशीच्या माणसाला चोवीस वर्षांच्या पोरीने ए मामा जरा इकडे ये म्हणणं वेगळं आणि शिंदे मामा, जरा येता का म्हणणं वेगळं. मी तिला सांगितलं की पहिल्याच दिवशी दोघांची नावं विचारून घे आणि नाव जोडूनच हाक मार. बाई हा शब्द मात्र जपून वापरायचा, शाळेत जोशी बाई हा मोठा मान आहे पण ऑफिसात नुसतं बाई म्हटलं की घरकामवाली असं ऐकू येतं.

इथे एक गोष्ट, जी मला हाकेच्या शब्दाइतकीच महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मागून येणारं क्रियापद. मराठीत आदर तिथे दिसतो. सर आले, मॅडम आल्या, मॅडमनी सांगितलंय. तोंडावर मॅडम आणि त्या केबिनमध्ये गेल्यावर मॅडम आली का रे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. ताई दादांचं तर दोन्हीकडे जातं, ताईला सांग म्हणजे घरातली ताई, ताईंना सांगा म्हणजे ऑफिसातली ताई. ऑफिसात ताई आणि दादाबरोबर तुम्हीच हवं, ताई तू फॉर्म दिलास का हे बरोबरीची मैत्री झाल्याशिवाय नको. सोलापूर कोल्हापूरकडच्या मुलामुलींना हे जास्त सांगावं लागतं कारण तिकडे मोठ्यांनाही प्रेमाने तू म्हणायची सवय असते आणि पुण्यात ते उद्धट समजतात, चूक कुणाचीच नसते. आणि शिपाईमामांना पण तुम्ही, तिथे सूट नाही. आपण हा शब्द मोठ्या कस्टमरशी किंवा हेड ऑफिसच्या पाहुण्यांशी ठीक आहे, रोजच्या बोलण्यात गोंधळ होतो, आपण कधी जायचं म्हटल्यावर तुम्ही एकटे की आपण दोघं हेच कळत नाही.

काउंटरवर कस्टमर आला की सर किंवा मॅडम, हे ठरलेलं ठेवावं. काका काकू म्हणायचा मोह होतो, पण केस पांढरे असलेला पंचेचाळिशीचा माणूस काका ऐकून नाराज होतो, तोंडावर बोलत नाही पण पुढच्या वेळी दुसऱ्या काउंटरला जातो. पासबुक हातात आलं की नाव दिसतंच, मग जाधव सर, हे घ्या. अपवाद पेन्शनर लोकांचा. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला ऐंशीच्या आजी येतात, काठी टेकत, अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून घाबरलेल्या, तिथे मॅडम म्हटलं तर बऱ्याचदा आपल्याशी बोलतायत हेच त्यांना कळत नाही. तिथे आजी, बसा, घाई नाही. हे वय नक्की दिसत असेल तेव्हाच.

लिहिताना थोडं वेगळं. मराठी पत्राला मा. शाखा व्यवस्थापक असं पद लिहिलं की पुढे साहेब किंवा जी लावायची गरज नाही. बाईंच्या नावाआधी सौ. लिहू नका, लग्न झालंय की नाही हे आपण ठरवायचं नसतं, आणि श्रीमती सरकारी कागदात सगळ्यांना चालत असलं तरी आपल्याकडे अनेक घरांत अजून तो शब्द नवरा वारलेल्या बाईसाठीच समजतात, म्हणून मेलमध्ये सरळ नाव किंवा आडनाव आणि पुढे मॅडम. ब्रांचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंग सर असं एकट्या मॅनेजरला उद्देशून टाकलं की बाकीचे दहा जण वाचतात, तिथे सगळ्यांना नमस्कार पुरे.

राहिलं फक्त नाव घेणं. आयटीत आणि मोठ्या खाजगी कंपन्यांत बॉसला पण नावानेच हाक मारतात, आणि तिथे सर म्हटलं तर ते स्वतःच थांबवतात. तसं सांगितलं तर लगेच ऐका, पुन्हा पुन्हा सर म्हणत राहणं हा पण एक प्रकारे त्यांचं न ऐकणंच आहे. इंग्रजीत नाव आणि मराठीत बोलताना नाव अधिक तुम्ही, म्हणजे राहुल, तुम्ही बघता का, हे छान जमतं. पण सरकारी बँकेत हे स्वतःहून सुरू करू नका, लखनौच्या त्या बरोबरीच्या ऑफिसरने आधी तुमचं नुसतं नाव घेतलं तरच तुम्ही त्याचं घ्या. आणि त्याला मराठी शिकायची असेल तर त्याला आधी आले आणि आल्या शिकवा, मॅनेजर मॅडमना तो मॅडम आली म्हणणार नाही एवढं तरी पहिल्या महिन्यात होऊन जाईल.