फॉर्मसाठी फोटो आणि सही केबीत बसवायची: मोबाईल ॲप, वेबसाइट, कॉम्प्युटर की मल्टिसर्व्हिसेस?

माझी भाची लातूरला राहून बँकेच्या परीक्षांची तयारी करते. मागच्या फॉर्मच्या वेळी रात्री दहाला तिचा फोन आला. "मामा, फोटो घेतलं, पण सही घेईना गेलंय. पाचव्यांदा करू लालेय." तिनं सहीची फाईल पाठवली. ती होती ३.६ केबीची. आयबीपीएसच्या फॉर्मला सही १० ते २० केबीची आणि फोटो २० ते ५० केबीचा लागतो. ती मात्र प्रत्येक वेळी सही आणखी लहान करत होती, कारण "रिसाइझ म्हणजे कमी करायचं" हेच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं.

कोणता मार्ग घ्यावा हे ठरवण्याआधी एक गोष्ट नीट कळायला हवी. पिक्सेल म्हणजे चित्राची लांबी-रुंदी आणि केबी म्हणजे फाईलचं वजन. ही दोन वेगळी मापं आहेत. मोबाईलचा फोटो साधारण ३००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे सव्वा कोटी नाही तरी १ कोटी २० लाख ठिपक्यांचा असतो. तो तसाच ठेवून ५० केबीत दाबला, तर तीस ठिपक्यांच्या वाट्याला माहितीचा जेमतेम एक बिट येतो. मग चेहऱ्यावर चौकोनी ठोकळे दिसतात आणि केसांचा एकच काळा डाग होतो. तोच फोटो आधी २०० बाय २३० पिक्सेलवर आणला की ४६ हजारच ठिपके उरतात, आणि ४० केबीत प्रत्येकाला सात बिट मिळतात. केबी वाढत नाहीत, पण चेहरा स्वच्छ येतो. म्हणून आधी क्रॉप, मग पिक्सेल, आणि केबी सगळ्यात शेवटी. ज्या साधनात हा क्रम आपल्या हातात राहतो ते चांगलं, असं माझं मत आहे.

मोबाईल ॲप

बहुतेक पोरं इथूनच सुरुवात करतात. ॲपमध्ये "४५ केबी" लिहायचं, बटण दाबायचं, झालं. वरची मर्यादा पाळायची असेल तर हे चालतं. अडचण अशी की ॲपनं पिक्सेल कमी केले की क्वालिटी पाडली, हे ते सांगत नाही. मोठा फोटो पिक्सेल न बदलता दाबला गेला, तर वर सांगितलेले ठोकळे येतात. फॉर्मच्या छोट्या चौकटीत ते लक्षात येत नाहीत. फाईल उघडून दोन बोटांनी मोठी करून पाहिली की लगेच कळतं.

खालची मर्यादा गाठायला काही ॲप दुसरीच युक्ती करतात. जेपीजी फाईलला शेवटाची एक खूण असते. त्या खुणेच्या पुढं निरर्थक बाइट जोडले तर चित्र तेच राहतं आणि वजन वाढतं. फॉर्म ते स्वीकारेलही, पण सही तसूभरही ठळक होत नाही. ३ केबीला अंधूक असलेली सही १२ केबीलाही अंधूकच छापली जाते.

वेबसाइट

"फोटो रिसाइझ" शोधलं की ढीगभर वेबसाइट येतात. त्यांतल्या बऱ्याच जणी फोटो त्यांच्या सर्व्हरवर चढवून घेतात. नुसता फोटो असता तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण आपला चेहरा आणि आपली सही एकाच ठिकाणी अनोळखी माणसाच्या हाती देणं मला पटत नाही.

काही वेबसाइट मात्र सगळं काम आपल्याच ब्राउझरमध्ये करतात. ओळखायची रीत सोपी आहे. पान पूर्ण उघडू द्यायचं, मग मोबाईलचा डेटा आणि वाय-फाय बंद करायचं आणि नंतर फोटो निवडायचा. तरी काम झालं, तर तेवढं काम फोटो बाहेर न जाता झालेलं असतं. squoosh.app ही वेबसाइट अशी आहे, आणि भाचीला मी तीच दिली. तिथं `Resize` चालू करून पिक्सेल टाकता येतात, जेपीजीसाठी `MozJPEG` निवडायचं, आणि `Quality` ची पट्टी सरकवली की खाली केबी तिथल्या तिथं बदलताना दिसतात. हवं तिथं थांबायचं. क्रॉप मात्र आधी मोबाईलच्या गॅलरीतच करून घ्यायचा.

कॉम्प्युटर

विंडोजच्या पेंटमध्ये पिक्सेल अचूक बदलता येतात, पण जेपीजीची क्वालिटी ठरवायची पट्टी नाही. येतील ते केबी घ्यावे लागतात. एकदा ते १७ आले आणि हवे होते २०, तर पिक्सेल वाढवण्याखेरीज हातात काही नसतं.

गिम्प हे फुकट सॉफ्टवेअर यापेक्षा पुष्कळ बरं. `Export As` मध्ये नावापुढं .jpg लिहिलं की एक खिडकी उघडते. तिच्यात `Show preview in image window` वर टिक केली की पट्टी सरकवताना फाईलचा आकार समोर दिसतो. गावातल्या दहा पोरांचे फॉर्म भरून देणाऱ्यानं हे शिकून घ्यावं. एकाच फॉर्मसाठी उतरवून घ्यायची गरज नाही.

मल्टिसर्व्हिसेसचं दुकान

अंबाजोगाई, उदगीर, परभणी, कुठंही कॉलेजच्या रस्त्याला झेरॉक्स आणि मल्टिसर्व्हिसेसची दुकानं ओळीनं सापडतात. त्यांच्याकडं स्कॅनर असतो, ही त्यांची खरी जमेची बाजू. कागदावर सावली पडत नाही, सही सरळ येते, आणि डाव्या अंगठ्याचा ठसा तर मोबाईलपेक्षा स्कॅनरवर फार चांगला उतरतो. आयबीपीएसला ठसाही लागतो, २४० बाय २४० पिक्सेलचा.

पण दुकानातून येताना फाईल कशी आणता याला महत्त्व आहे. भाचीच्या मैत्रिणीला दुकानदारानं अगदी बरोबर फाईल करून दिली आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो पुन्हा दाबतं, त्यामुळं तिच्या मोबाईलमध्ये वेगळ्याच केबीची फाईल आली आणि फॉर्मनं ती नाकारली. दुकानदाराला "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" एवढं सांगायचं, मग फाईल जशीच्या तशी येते. आणि निघण्याआधी त्यांच्या डेस्कटॉपवरची आपली फाईल समोर उभं राहून डिलीट करून घ्यायची.

सहीचं खरं दुखणं

आता भाचीच्या सहीकडं येतो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. फॉर्ममध्ये सहीसाठी १४० बाय ६० पिक्सेल लिहिलेलं असतं. म्हणजे फक्त ८,४०० ठिपके. एका ठिपक्याला रंगाचे तीन बाइट धरले तर अजिबात न दाबलेली सही साधारण २५ केबी होते. जेपीजीचं काम सपाट जागा जवळजवळ फुकटात साठवणं हे आहे, आणि सहीत बहुतेक जागा पांढरा कागदच असतो. त्यामुळं ती तीन-चार केबीवर येते. कागद जितका स्वच्छ तितकी फाईल हलकी. म्हणजे चांगली सही काढणाऱ्यालाच १० केबी गाठणं अवघड जातं.

सुटका सूचनेतल्या एका शब्दात आहे. आयबीपीएसच्या सूचनेत १४० बाय ६० हे माप "प्राधान्याचं" म्हणून दिलेलं आहे, आणि केबीची मर्यादा मात्र पाळायचीच आहे. म्हणून पिक्सेल त्याच प्रमाणात वाढवायचे. तिला मी सांगितलं की तयार झालेली छोटी सही ताणू नको, ती फक्त धूसर होईल. कॅमेऱ्यातल्या मूळ फोटोकडं परत जा.

तिनं नव्यानं सही केली. कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं सात सेंटिमीटर रुंद आणि तीन उंच असा चौकोन आखला आणि त्यात काळ्या पेननं सही केली. मोठ्या इंग्रजी अक्षरांतली सही चालत नाही, हेही तिला आठवण करून दिलं. दिव्याखाली मोबाईलची सावली पडत होती, म्हणून फोटो सकाळी खिडकीपाशी, फ्लॅश बंद ठेवून काढला. चौकोनाच्या आतून क्रॉप केला, की प्रमाण आपोआप ७:३ राहतं. मग squoosh.app मध्ये रुंदी ४२० टाकली, उंची १८० झाली. `Quality` ७५ ला फाईल ७ केबीच्या आसपास होती. पट्टी ९० च्या थोडी पुढं नेली तेव्हा १३ केबी दिसले, आणि फॉर्मनं पहिल्याच फटक्यात घेतलं.

फोटोलाही हेच लागू होतं. २०० बाय २३० ला नेहमीच्या क्वालिटीवर फाईल २० केबीच्या खालीच राहते, म्हणून पट्टी वर न्यावी लागते.

काही फॉर्म पिक्सेल सक्तीचे करतात. तिथं मोठं करता येत नाही. तेव्हा क्वालिटी १०० करायची आणि गिम्पमध्ये `Subsampling` मध्ये 4:4:4 निवडायचं, म्हणजे रंगाची माहिती कमी केली जात नाही. शिवाय फिल्टर लावून कागद पांढराशुभ्र करत बसायचं नाही. कागदाचा बारीक पोतच इथं केबी देतो. काही फॉर्म सेंटिमीटरमध्ये माप सांगतात. तिथं २०० डीपीआय, म्हणजे एका इंचाला २०० ठिपके, धरून ४ सेंटिमीटरचे ३१५ पिक्सेल आणि २ सेंटिमीटरचे १५७ पिक्सेल होतात.

चढवण्याआधी

विंडोजमध्ये फाईलच्या यादीत दिसणारा आकडा पुढच्या पूर्ण केबीला नेलेला असतो. ९.२ केबीची सही तिथं १० दिसते आणि फॉर्म "लहान आहे" म्हणून परत पाठवतो. `Properties` उघडून `Size` ची ओळ वाचायची, `Size on disk` ची नाही, ती चारच्या पटीत फुगलेली असते. शिवाय कुणी १ केबी म्हणजे १०२४ बाइट धरतं, कुणी १०००. म्हणून काठावर राहायचं नाही. १० ते २० सांगितलं असेल तर सही १२ ते १७ मध्ये, २० ते ५० असेल तर फोटो ३० ते ४५ मध्ये ठेवायचा.

केबी बरोबर असूनही फॉर्म घेत नसेल, तर फाईल खरी जेपीजी आहे का ते पाहा. आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. नुसतं नाव बदलून .jpg लिहिल्यानं फाईल आतून बदलत नाही.

एकट्याचा फॉर्म असेल तर गॅलरीत क्रॉप आणि ब्राउझरमध्ये चालणारी वेबसाइट, यात फोटो आणि सही दोन्ही निघतात. मोबाईलचा कॅमेरा खराब असेल किंवा अंगठ्याचा ठसा लागत असेल, तर स्कॅनसाठी दुकानात जा. फक्त तिथून केबीत बसवलेल्या फाईलसोबत मूळ मोठा स्कॅनही डॉक्युमेंट म्हणून मागून घ्या. पुढच्या फॉर्मचे केबी वेगळे असले की त्या मोठ्या स्कॅनवरूनच नवीन फाईल करता येते.