गोंधळलेला रुग्ण अभ्यासात घ्यायचा की वगळायचा? एथिक्स विभाग लिहिण्याआधीचा निर्णय

खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेले वयस्क रुग्ण आणि पहिल्या तीन दिवसांतली त्यांची वेदना, हा विषय घेतला की संशोधनाच्या प्रपोझलच्या एथिक्स विभागात एक प्रश्न आडवा येतो. यातल्या बऱ्याच रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर डिलिरियम, म्हणजे अचानक येणारा गोंधळ, होतो, काहींना आधीपासूनच डिमेन्शिया असतो. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या या लोकांना अभ्यासातून वगळायचं, की त्यांच्या प्रतिनिधीच्या संमतीने सामील करून घ्यायचं? संमती, गोपनीयता आणि असुरक्षित सहभागी ही तिन्ही उपशीर्षकं काय म्हणणार ते याच उत्तरावर ठरतं. म्हणून साचा उघडण्याआधी हे ठरवावं.

वगळण्याचा मार्ग पहिल्या नजरेत सोपा आणि सभ्य वाटतो. निकषांत ‘लेखी संमती देण्यास सक्षम’ असं लिहिलं की असुरक्षित सहभागींचा परिच्छेद दोन ओळींत आटोपतो. पण सक्षम कोण हे ठरवायचं कसं, ते तरीही लिहावंच लागतं. नाव, वार आणि ठिकाण बरोबर सांगितलं म्हणजे संमती देता येते असं नाही. रुग्णाला माहिती समजली का, ती आपल्याला लागू आहे हे उमगलं का, त्यावर विचार करता येतो का आणि निर्णय सांगता येतो का, या चार गोष्टी पाहायच्या असतात. त्यासाठी UBACC ही दहा प्रश्नांची छोटी चाचणी आहे. ती वापरायची नसेल तर निदान ‘माहिती सांगून झाल्यावर रुग्णाकडून अभ्यासाचा हेतू, नकार देण्याचा हक्क आणि नकाराचा उपचारांवर परिणाम होणार नाही हे त्याच्या शब्दांत वदवून घेतलं जाईल’ असं स्पष्ट लिहावं. मान डोलावणं हा पुरावा धरू नये. ऐकू कमी येणारी माणसंही मान डोलावतात.

डिलिरियम दिवसभरात चढउतार करतो, ही इथली खरी अडचण. सकाळी नीट बोलून सही केलेला रुग्ण संध्याकाळी नर्सला ओळखत नाही. तेव्हा सक्षमता एकदा तपासून भागत नाही. वगळण्याचा मार्ग घेतला तरी प्रत्येक भेटीआधी CAM या छोट्या चाचणीने डिलिरियमची तपासणी करावी लागते, आणि तीत डिलिरियम आढळला तर त्या दिवशीची माहिती घ्यायची नाही, आधीच घेतलेल्या माहितीचं काय करायचं, हे प्रपोझलमध्ये असावं लागतं. बहुतेक मसुद्यांत हा भाग नसतो, आणि एथिक्स कमिटी नेमकं तेच विचारते.

आता दुसरा मार्ग. इथे कायद्याने ग्राह्य प्रतिनिधी संमती देतो, पण काम तिथे संपत नाही. रुग्णाला त्याला झेपेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगून त्याचा होकार घ्यायचा. त्याने हात झटकला, तोंड फिरवलं, ‘नको’ म्हटलं तर प्रतिनिधीची सही असली तरी थांबायचं, कारण निरीक्षणाच्या अभ्यासातून त्या रुग्णाला थेट फायदा काहीच नाही. भान परत आल्यावर स्वतः रुग्णाची संमती पुन्हा घ्यायची आणि त्याने नकार दिला तर त्याची नोंद काढून टाकायची. प्रतिनिधीलाही समजावावं लागतं की प्रश्न ‘तुम्हाला काय वाटतं’ हा नसून ‘त्यांना विचारता आलं असतं तर ते काय म्हणाले असते’ हा आहे.

मेहनत जास्त आहे, मग हा मार्ग घ्यावा कशाला? वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांचा जो हेलसिंकी जाहीरनामा आहे, त्याच्या 2024 च्या आवृत्तीत सामील करण्यातल्या हानीइतकीच वगळण्यातली हानीही तोलायला सांगितली आहे. आपल्या उदाहरणात ती डोळ्यांसमोर दिसते. ज्यांना ‘दुखतंय’ म्हणता येत नाही त्यांचीच वेदना नोंदीतून सुटते. तेच वगळले तर अभ्यास बोलू शकणाऱ्यांचा होतो आणि निष्कर्ष मात्र सगळ्या वॉर्डला लावला जातो. अर्थात उलट अटही तितकीच कडक आहे: प्रश्न सक्षम रुग्णांवर अभ्यास करून सुटत असेल, तर असुरक्षित रुग्णांना त्यात ओढायचं नाही. ‘नमुना लवकर पूर्ण व्हावा’ हे कारण चालत नाही.

गोपनीयतेत दोन्ही मार्गांतला फरक अनपेक्षित ठिकाणी येतो. वगळण्याच्या मार्गात एकाच भेटीची प्रश्नावली असेल तर ती खरोखर निनावी ठेवता येते, पण मग नंतर कुणी माघार घेतली तर त्याचा कागद शोधता येत नाही, आणि हे माहितीपत्रकात आधीच सांगावं लागतं. दुसऱ्या मार्गात पुन्हा संमती घ्यायची असल्याने नाव आणि संकेतांक जोडणारी यादी ठेवावीच लागते. म्हणजे ‘निनावी’ हा शब्द तिथे खोटा ठरतो. ‘माहिती पूर्णपणे गुप्त ठेवली जाईल’ या ओळीऐवजी असं लिहिता येईल: ‘यादी संकेतांकित माहितीपासून वेगळी, कुलूपबंद कपाटात राहील, ती फक्त मुख्य संशोधक पाहील, शेवटच्या रुग्णाची पुनर्संमती झाल्यावर ती नष्ट केली जाईल.’ छोट्या वॉर्डात वय, तारीख आणि एखादा दुर्मिळ आजार एकत्र छापला की संकेतांक असूनही माणूस ओळखू येतो. वय गटांत द्यावं, तारखेऐवजी शस्त्रक्रियेनंतरचा दिवस द्यावा.

गोपनीयतेला मर्यादाही लिहावी लागते, आणि दुसऱ्या मार्गात ती रोजची गोष्ट होते. न बोलणाऱ्या रुग्णासाठी PAINAD हे वेदना मोजण्याचं निरीक्षण-मापक वापरलं जातं: श्वास, आवाज, चेहरा, शरीराच्या हालचाली आणि समजूत घातल्यावर शांत होणं, मिळून 0 ते 10 गुण. समजा संशोधक नर्सला 7 गुण मिळाले आणि चार्टवर वेदनेची नोंदच नाही. वहीत आकडा लिहून ती पुढच्या खाटेकडे जाऊ शकत नाही. कोणत्या गुणाला, किती मिनिटांत, कुणाला कळवणार हे आधी ठरवून संमतीपत्रातही सांगावं. यामुळे नोंदी थोड्या बदलतील, कारण कळवल्यावर औषध दिलं जाईल. ते मर्यादांमध्ये लिहावं. कळवण्याआधीचा गुणच मुख्य माहिती म्हणून धरावा.

दोन्ही मार्गांना लागू असा एकच मुद्दा: जी नर्स त्या रुग्णाची शुश्रूषा करते तिनेच संमती मागू नये. जिच्या हातून औषध घ्यायचं तिला नाही म्हणणं खाटेवरच्या माणसाला जड जातं.

दोन्हींच्या मधली एक वाटही सुचवली जाते: शस्त्रक्रियेआधीच आगाऊ संमती घेऊन ठेवायची, ‘नंतर मला गोंधळल्यासारखं झालं तरी निरीक्षण चालू ठेवा’ अशी. ठरवून केलेल्या सांधेबदलासाठी ही वाट उत्तम आहे, कारण विचाराला दिवस मिळतात. हाड मोडून आलेल्या रुग्णाला मात्र वेळ थोडा, वेदना तीव्र आणि अंगात गुंगीची औषधं असतात. काही जण तर दाखल होतानाच गोंधळलेले असतात. तिथे ही वाट पुरवणी म्हणून ठेवावी.

निवड अशी करावी. प्रश्न रुग्णाच्या अनुभवाचा असेल, म्हणजे ‘वेदना सांगितल्यावर काय झालं’ असा, तर वगळणं प्रामाणिक आहे. प्रतिनिधी दुसऱ्याचा अनुभव सांगू शकत नाही. प्रश्न वेदना ओळखली जाते का असा असेल, तर सामील करण्यावाचून गत्यंतर नाही. आणि प्रश्न दुसरा, पण तुम्ही एकटेच आहात, सक्षमता तपासायला स्वतंत्र माणूस नाही, पुनर्संमतीसाठी परत जायला वेळ नाही, अशी स्थिती असेल तर पहिलाच मार्ग घ्या. फक्त शीर्षकात ‘संमती देऊ शकणाऱ्या रुग्णांमधील’ हे शब्द घाला, आणि किती रुग्ण सक्षमतेच्या कारणाने वगळले तो आकडा निकालात छापा.